डिफ्रॅक्शन ग्रेटिंगच्या प्रयोगाचा सारांश कसा लिहावा: मुख्य निकाल, त्याची अनिश्चितता आणि वाक्यांचा क्रम

ग्रेटिंगच्या प्रयोगाच्या अहवालांत सर्वांत जास्त चुका पहिल्याच परिच्छेदात, म्हणजे सारांशात सापडतात. त्याचे एक कारण सरळ आहे. पदवीच्या पहिल्या वर्षांत जर्नल लिहिताना उद्देश, साहित्य, सूत्र, निरीक्षणे, आकडेमोड आणि निष्कर्ष असा साचा हाताला बसलेला असतो आणि त्यात सारांश नसतोच. पुढे प्रकल्पाच्या किंवा एमएस्सीच्या अहवालात तो पहिल्यांदा मागितला जातो, तेव्हा विद्यार्थी उद्देशाचेच वाक्य लांबवून देतात. असा एक सारांश येथे देतो. तो कोणा एकाचा नाही, पण त्यातले प्रत्येक वाक्य मी अनेकदा वाचलेले आहे.

«विवर्तन ही प्रकाशाची एक महत्त्वाची घटना आहे. या प्रयोगात डिफ्रॅक्शन ग्रेटिंगच्या साहाय्याने सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढण्यात आली. स्पेक्ट्रोमीटरची प्राथमिक जुळणी करून निरीक्षणे घेतली व सूत्रात किमती घालून उत्तर काढले. मिळालेले उत्तर प्रमाणित मूल्याच्या अगदी जवळ असून त्रुटी फक्त ०.१२ टक्के आहे. मानवी चुकांमुळे थोडा फरक आला.»

या पाच वाक्यांत तरंगलांबी किती आली हेच लिहिलेले नाही. अनिश्चितताही नाही, तिच्या जागी त्रुटीची टक्केवारी बसवली आहे आणि ती वेगळी गोष्ट आहे. ग्रेटिंगवरील रेषांमधले अंतर कुठून घेतले ते सांगितलेले नाही, आणि शेवटच्या वाक्यात जे कारण दिले आहे त्याला प्रयोगातल्या एकाही आकड्याचा आधार नाही. पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन हा सारांश नव्याने लिहू.

उदाहरणातला प्रयोग असा आहे. स्पेक्ट्रोमीटरवर प्लेन ट्रान्समिशन ग्रेटिंग बसवले आहे आणि त्यावर इंचाला १५,००० रेषा असे छापलेले आहे. आधी पाऱ्याचा दिवा लावून ५४६.०७ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेचा पहिल्या ऑर्डरमधला कोन मोजला. नंतर ग्रेटिंगला हात न लावता दिवा बदलून सोडियमच्या पिवळ्या रेषेचा कोन मोजला. हिरव्या रेषेची तरंगलांबी माहीत असल्याने तिच्यावरून ग्रेटिंगचे कॅलिब्रेशन झाले आणि सोडियमची तरंगलांबी अज्ञात म्हणून काढली.

### १. लिहायला बसण्याआधी एका कागदावर चार गोष्टी मांडा

सारांश लिहिताना अहवाल चाळत बसू नये. त्याआधी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मोजलेल्या राशीचे नेमके नाव, तिचे मूल्य व अनिश्चितता, ते मूल्य कोणत्या संदर्भाच्या आधारे मिळाले, आणि कोणत्या मान्य मूल्याशी तुलना करायची.

यांतली पहिली गोष्ट सर्वांत सोपी वाटते आणि तीच बहुतेक वेळा चुकते. «सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी» असे म्हटले तर प्रश्न उरतो, कारण सोडियमची पिवळी रेषा ही ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषांची जोडी आहे. आपल्या ग्रेटिंगच्या पहिल्या ऑर्डरमध्ये त्या दोघींमधले अंतर जेमतेम सव्वा मिनिटाचे असते. स्लिट थोडीशी जरी रुंद असली तरी टेलिस्कोपमध्ये एकच पिवळी रेषा दिसते आणि क्रॉसवायर तिच्या मध्यावर बसवली जाते. दुसऱ्या ऑर्डरमध्ये हेच अंतर साडेतीन मिनिटांच्या जवळ जाते आणि बारीक स्लिट ठेवल्यास रेषा वेगळ्या दिसतात. आपण पहिल्या ऑर्डरमध्ये, न सुटलेल्या जोडीच्या मध्यावर मोजमाप केले आहे. म्हणून राशीचे नाव «सोडियमच्या पिवळ्या रेषाजोडीची सरासरी तरंगलांबी» असे होते आणि तुलनेचे मूल्य ५८९.३ नॅनोमीटर ठरते. राशीचे नाव चुकले तर तुलनाही चुकते.

तिसरी गोष्ट, म्हणजे संदर्भ, विद्यार्थी पूर्ण विसरतात. इंचाला १५,००० रेषा हा छापील आकडा खरा धरला, तर रेषांमधले अंतर १६९३.३ नॅनोमीटर येते आणि सोडियमच्या त्याच कोनावरून तरंगलांबी ५९०.२ नॅनोमीटर मिळते. पाऱ्याच्या हिरव्या रेषेवर कॅलिब्रेशन केले, तर ती ५८८.६ नॅनोमीटर मिळते. मोजलेला कोन तोच आहे, पण दोन उत्तरांत १.६ नॅनोमीटरचा फरक आहे आणि तो पुढे येणाऱ्या अनिश्चिततेच्या तिप्पट आहे. छापील आकड्यासोबत अनिश्चितता दिलेली नसते, त्यामुळे तो वापरल्यास आपल्या निकालाच्या अनिश्चिततेला अर्थ उरत नाही. म्हणून कॅलिब्रेशन कशावर केले हे सारांशात आलेच पाहिजे.

सावधान: दोन्ही रीतींनी उत्तर काढून जे मान्य मूल्याच्या जवळ येईल ते निवडू नये. कोणती रीत वापरायची हे मोजमापाच्या आधी ठरवावे. कॅलिब्रेशनसाठी पाऱ्याचा दिवा उपलब्ध असेल तर त्याच रीतीला चिकटून राहावे.

### २. मूल्य आणि अनिश्चितता पक्की करा

सारांशातला मुख्य आकडा अजून कच्चा असताना वाक्य लिहायला घेऊ नये. आकडा मागाहून बदलला की सारांश, तक्ता आणि निष्कर्ष यांत तीन वेगवेगळी मूल्ये राहतात. असे अहवाल मी इतके पाहिले आहेत की आता वाचायला घेताना आधी हेच तपासतो.

पहिल्या ऑर्डरची रेषा थेट प्रकाशाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला दिसते. दोन्ही बाजूंच्या वाचनांतील फरक म्हणजे 2θ. स्पेक्ट्रोमीटरचे लीस्ट काउंट १ मिनिट आहे आणि समोरासमोरच्या दोन्ही व्हर्निअरच्या फरकांची सरासरी घेतली आहे. सोडियमसाठी 2θ ची पाच वाचने अशी आली: ४०°४४′, ४०°५१′, ४०°४७′, ४०°५२′ आणि ४०°४६′. यांची सरासरी ४०°४८′, म्हणून θ म्हणजे २०°२४′.

या पाच वाचनांचे प्रमाण विचलन ३.४ मिनिटे येते. वाचने पाच असल्याने सरासरीची अनिश्चितता त्याच्या √५ व्या भागाइतकी, म्हणजे १.५ मिनिटे होते. ही 2θ ची अनिश्चितता आहे. θ ची तिच्या निम्मी, म्हणजे ०.७६ मिनिट. पाऱ्याच्या हिरव्या रेषेसाठी θ १८°५२′ आला आणि त्याची अनिश्चितताही तितकीच आली.

ग्रेटिंग एकच असल्याने रेषांमधले अंतर गुणोत्तरातून निघून जाते आणि तरंगलांबी थेट मिळते:

```
λ = λ_Hg · sin θ_Na / sin θ_Hg
  = 546.07 × 0.348572 / 0.323367
  = 588.63 nm
```

अनिश्चिततेत दोन्ही कोनांचा वाटा असतो:

```
δλ/λ = √[(cot θ_Na · δθ_Na)² + (cot θ_Hg · δθ_Hg)²]
δθ   = 0.76′ = 0.000221 rad
δλ   = 588.63 × 0.000879 = 0.52 nm
```

येथे तीन ठिकाणी पाय घसरतो आणि प्रत्येक घसरण उत्तर पाहूनच ओळखता येते. δθ रेडियनमध्ये न घेता अंशांत घातला तर अनिश्चितता जवळजवळ ३० नॅनोमीटर येते. इतकी अनिश्चितता खरी असती तर हिरवी आणि पिवळी रेषा आपल्या मोजमापाने नीट वेगळीसुद्धा ओळखता आली नसती, पण त्या दोन रेषा टेलिस्कोपमध्ये दीड अंशाच्या अंतरावर स्वच्छ दिसत होत्या. कॅलिब्रेशनच्या कोनाचा वाटा विसरला तर ०.३५ नॅनोमीटर येते आणि अनिश्चितता खोटी लहान दिसते. तिसरी चूक 2θ ची अनिश्चितता θ साठी तशीच वापरण्याची. तिच्यामुळे अनिश्चितता दुप्पट होते.

तपासणी: पाचही वाचने मिनिटापर्यंत तंतोतंत सारखी आली असतील तर आनंद मानण्याआधी ती कशी घेतली ते आठवावे. टेलिस्कोप न हलवता व्हर्निअर पाच वेळा वाचला असेल तर ती पाच वाचने नसून एकच वाचन आहे. प्रत्येक वेळी टेलिस्कोप रेषेपासून दूर नेऊन, पुन्हा आणून, स्क्रूने क्रॉसवायर बसवली असेल तरच वाचनांतल्या विखुरणीला अर्थ असतो. तरीही वाचने सारखीच आली तर अनिश्चितता शून्य लिहू नये. तिचा अंदाज लीस्ट काउंटवरून करावा.

### ३. आकडे पूर्णांकित करा, पण एकदाच आणि शेवटी

अनिश्चितता साधारणपणे एका सार्थ अंकापर्यंत लिहावी आणि मूल्य त्याच दशांश स्थानापर्यंत. ०.५२ चे ०.५ होते, म्हणून ५८८.६३ चे ५८८.६ होते. निकाल ५८८.६ ± ०.५ नॅनोमीटर असा लिहायचा.

कॅल्क्युलेटरवर दिसणारे ५८८.६३३९ हे सगळे अंक सारांशात उतरवले जातात, तेव्हा त्यांतल्या दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या अंकापुढच्या अंकांबद्दल आपल्याला काहीही माहीत नसते. उलट बाजूने, ५८९ ± ०.५ असेही लिहू नये. त्यात मूल्य अनिश्चिततेपेक्षा ढोबळ झाले आहे. तुलना मात्र पूर्णांकित न केलेल्या आकड्यांवर करावी. मान्य मूल्यापासूनचा फरक ०.६७, अनिश्चितता ०.५२, म्हणून गुणोत्तर सुमारे १.३. पूर्णांकित आकड्यांनी ते १.४ येते. येथे निष्कर्ष बदलत नाही, पण सीमेवरच्या निकालात बदलू शकतो.

### ४. निकालाचे वाक्य सर्वांत आधी लिहा

सारांशात ते तिसऱ्या क्रमांकावर येईल, पण कागदावर ते पहिले उतरवावे. बाकीची सगळी वाक्ये या एका वाक्याला आधार देण्यासाठी आहेत आणि ज्या वाक्याचा याच्याशी संबंध लागत नाही ते नंतर वगळणे सोपे जाते.

«सरासरी तरंगलांबी ५८८.६ ± ०.५ नॅनोमीटर (प्रमाण अनिश्चितता) मिळाली.»

कंसातले दोन शब्द कमी महत्त्वाचे वाटतील, पण ± चा अर्थ सगळीकडे एक नसतो. कोणी त्यात सरासरीची अनिश्चितता लिहितो, कोणी तिची दुप्पट, तर कोणी थेट लीस्ट काउंट. वाचकाला अंदाज बांधायला लावण्यापेक्षा दोन शब्द जास्त लिहिणे बरे.

एकक मूल्य आणि अनिश्चितता या दोघांनंतर एकदाच लिहावे. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये द्यावी. जुन्या जर्नलांत ती अँगस्ट्रॉममध्ये असे आणि त्या सवयीने ५८८६ ± ५ अँगस्ट्रॉम लिहिले तरी ते चूक नाही, पण मूल्य एका एककात आणि मान्य मूल्य दुसऱ्या एककात असे कधीही देऊ नये.

सावधान: «उत्तर प्रमाणित मूल्याच्या अगदी जवळ आले» हे निकालाचे वाक्य नाही. जवळ म्हणजे किती, हे वाचकाला आपल्या ± वरूनच कळू शकते.

### ५. निकालाच्या आधीची दोन वाक्ये: काय मोजले आणि कसे

पहिले वाक्य राशीचे नाव, साधन आणि ऑर्डर सांगते. दुसरे वाक्य कॅलिब्रेशन कशावर केले आणि कोन कसा मोजला ते सांगते. यापेक्षा जास्त पद्धत सारांशात नको.

टेलिस्कोप दूरच्या वस्तूवर फोकस करणे, कॉलिमेटरची जुळणी, प्रिझम टेबल समतल करणे ही सगळी कामे आवश्यक आहेत आणि ती पद्धतीच्या विभागात सविस्तर यावीत. सारांशात त्यांना जागा नाही, कारण ती प्रत्येक स्पेक्ट्रोमीटर प्रयोगात सारखीच असतात आणि निकाल समजून घ्यायला त्यांची गरज पडत नाही. एखाद्या पायरीची गरज पडते का, हे ओळखायला एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही पायरी वेगळ्या रीतीने केली असती तर लिहिलेला आकडा किंवा त्याची अनिश्चितता बदलली असती का? पाऱ्याच्या रेषेवर कॅलिब्रेशन केल्याने आकडा बदलला, म्हणून ते लिहायचे. कोन दोन्ही बाजूंना न मोजता एकाच बाजूला मोजला असता तरी तो बदलला असता, म्हणून तेही लिहायचे. दिव्याला स्थिर व्हायला दहा मिनिटे दिली, हे सारांशात लिहायचे नाही.

dsinθ = nλ हे सूत्रही सारांशात देऊ नये. ग्रेटिंगचा अहवाल वाचणाऱ्याला ते माहीत असते आणि सूत्र दिले की त्यातील चिन्हांचा अर्थ सांगण्यात आणखी एक वाक्य जाते.

### ६. निकालानंतरची दोन वाक्ये: तुलना आणि अनिश्चिततेचा उगम

तुलनेचे वाक्य लिहिताना त्रुटीची टक्केवारी बाजूला ठेवावी. ०.१२ टक्के हा आकडा फक्त आपले उत्तर मान्य मूल्यापासून किती दूर पडले ते सांगतो. आपले मोजमाप तितके दूर पडण्याची अपेक्षा होती की नव्हती, हे तो सांगत नाही. समजा दुसऱ्या गटालाही ५८८.६ हेच उत्तर आले, पण त्यांची अनिश्चितता ०.१ नॅनोमीटर आहे. दोन्ही गटांची टक्केवारी एकच असेल. तरीही आपला निकाल मान्य मूल्याशी सुसंगत आहे आणि त्यांचा निकाल अनिश्चिततेच्या जवळजवळ सात पट दूर आहे, म्हणजे त्यांच्या मोजमापात काहीतरी पद्धतशीर बिघाड आहे.

म्हणून वाक्य असे करावे: «५८९.३ नॅनोमीटर या मान्य मूल्यापासूनचा फरक अनिश्चिततेच्या सुमारे १.३ पट असल्याने दोन्ही मूल्ये सुसंगत आहेत.» फरक दुपटीच्या आत असेल तर सुसंगत म्हणायला हरकत नाही. तिपटीच्या पुढे गेला तर «सुसंगत» हा शब्द वापरू नये. तसे स्पष्ट लिहावे आणि संशयित कारण चर्चेच्या विभागात द्यावे. सारांशात विसंगती मान्य करणे हा दोष नाही, ती लपवणे हा आहे. मधल्या पट्ट्यात, म्हणजे दुप्पट ते तिप्पट असताना, नुसते गुणोत्तर देऊन निर्णय वाचकावर सोडावा.

तपासणी: मान्य मूल्य अनिश्चिततेच्या बाहेर पडले म्हणजे प्रयोग फसला असे नाही. ± ०.५ ही प्रमाण अनिश्चितता असल्याने, सगळे नीट केले तरी साधारण तीनपैकी एका वेळी खरे मूल्य या पट्ट्याच्या बाहेर पडते. आपल्या उदाहरणात तेच झाले आहे. पट्टा मुद्दाम रुंद करून मान्य मूल्य आत ओढू नये.

अनिश्चिततेच्या उगमाचे वाक्य सर्वांत जपून लिहावे लागते. «मानवी चुका» हा शब्दप्रयोग काढून टाकावा, कारण चूक माहीत असेल तर ती दुरुस्त करायची असते आणि माहीत नसेल तर तिला कारण म्हणता येत नाही. त्याखालोखाल आवडते कारण म्हणजे «ग्रेटिंग आपाती प्रकाशाला पूर्णपणे लंब नसणे». ते ऐकायला शास्त्रीय वाटते, म्हणून एकदा हिशेब करून पाहावा.

समजा ग्रेटिंग १ अंशाने तिरके आहे. सोडियमच्या पहिल्या ऑर्डरसाठी डाव्या आणि उजव्या बाजूच्या कोनांत सुमारे ८ मिनिटांचा फरक पडतो. हा फरक थेट प्रकाशाचे वाचन मध्ये ठेवून लगेच ओळखता येतो आणि तो दिसला तर जुळणी पुन्हा करायची. पण दोन्ही बाजूंची सरासरी घेतली की या तिरकेपणाने θ मध्ये उरणारी चूक पाव मिनिटाहून कमी असते. हिरव्या रेषेच्या कोनातही जवळजवळ तितकीच चूक त्याच दिशेने येते, त्यामुळे गुणोत्तर घेताना तीही बव्हंशी निघून जाते. म्हणजे आपल्या पद्धतीत १ अंशाच्या तिरकेपणाने तरंगलांबीवर दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही. तो सारांशात कारण म्हणून लिहिला तर ते चूक ठरते. एकाच बाजूचा कोन मोजला असता तर मात्र तो खरा धोका असता.

मग आपल्या प्रयोगात अनिश्चितता आली कुठून? तिचा हिशेब आपण पाच वाचनांच्या विखुरणीवरून केला आहे. वाचने आठ मिनिटांच्या पट्ट्यात पसरली, तर व्हर्निअर मिनिटापर्यंत वाचता येतो. म्हणून व्हर्निअरची मर्यादा मुख्य नाही. क्रॉसवायर रेषेच्या मध्यावर पुन्हा पुन्हा बसवताना पडणारा फरक मुख्य आहे. इतकेच आपल्या आकड्यांवरून म्हणता येते. माझ्या अंदाजाने स्लिट जास्त रुंद होती म्हणून तसे झाले असावे, पण स्लिट अरुंद करून वाचने पुन्हा घेतलेली नाहीत. त्यामुळे स्लिटचा उल्लेख चर्चेत शक्यता म्हणून येईल. सारांशात येणार नाही.

### ७. वाक्ये क्रमाने लावा आणि कात्री चालवा

क्रम असा ठरला: काय मोजले, कसे मोजले, किती आले, तुलना, अनिश्चिततेचा उगम. तो लावल्यावर उदाहरणाचा सारांश असा होतो:

«सोडियम दिव्याच्या पिवळ्या रेषाजोडीची सरासरी तरंगलांबी स्पेक्ट्रोमीटर आणि प्लेन ट्रान्समिशन ग्रेटिंग वापरून पहिल्या ऑर्डरमध्ये मोजली. ग्रेटिंगचे कॅलिब्रेशन पाऱ्याच्या ५४६.०७ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेवर केले आणि प्रत्येक रेषेचा डाव्या-उजव्या बाजूंमधला कोन पाच वेळा मोजला. सरासरी तरंगलांबी ५८८.६ ± ०.५ नॅनोमीटर (प्रमाण अनिश्चितता) मिळाली. ५८९.३ नॅनोमीटर या मान्य मूल्यापासूनचा फरक अनिश्चिततेच्या सुमारे १.३ पट असल्याने दोन्ही मूल्ये सुसंगत आहेत. अनिश्चिततेचा मुख्य भाग क्रॉसवायर रेषेच्या मध्यावर बसवताना वाचनांत पडणाऱ्या फरकातून येतो.»

पाचच वाक्ये आहेत आणि सुरुवातीच्या सारांशातही पाचच होती. लांबी फारशी वाढलेली नाही. विवर्तनाचे महत्त्व सांगणारे वाक्य, «निरीक्षणे घेतली व उत्तर काढले» आणि «मानवी चुका» निघून गेल्या आणि त्या जागेत आकडे आले. अहवाल इंग्रजीत लिहायचा असला तरी हाच क्रम ठेवावा. मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवताना निकालाचे वाक्य शेवटी ढकलले जाते, एवढ्याकडे लक्ष द्यावे.

जागा त्याहून कमी असेल, म्हणजे तीनच वाक्यांची मुभा असेल, तर पाचवे वाक्य आधी काढावे. त्यानंतर पहिली दोन वाक्ये एकात जोडावीत. निकाल आणि तुलना यांना हात लावू नये आणि कॅलिब्रेशनचा उल्लेख कोणत्याही कारणाने गाळू नये.

कात्री चालवताना «या प्रयोगात», «यशस्वीरीत्या», «अत्यंत अचूक» आणि «समाधानकारक» हे शब्द शोधून काढावेत. ते काढल्याने वाक्याचा अर्थ बदलत नाही. प्रयोग यशस्वी झाला का, हे ± ०.५ आणि १.३ या दोन आकड्यांवरून वाचक स्वतः ठरवतो.

### ८. जमा करण्याआधीची पडताळणी

सारांश अहवालापासून वेगळा करून, प्रयोग न केलेल्या वर्गमित्राला वाचायला द्यावा आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत: काय मोजले, किती आले, आणि त्या आकड्यावर किती विसंबावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला अहवालाची पुढची पाने उलटावी लागली तर त्या प्रश्नाशी संबंधित वाक्य अपुरे आहे.

त्यानंतर सारांशातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारून तो अहवालात जिथून आला त्या तक्त्याशी किंवा आकडेमोडीशी जुळवावा. आपल्या उदाहरणात असे पाच आकडे आहेत: ५४६.०७, ५८८.६, ०.५, ५८९.३ आणि १.३. «पाच वेळा» ही संख्याही निरीक्षणांच्या तक्त्यातल्या ओळी मोजून तपासावी, कारण एखादे वाचन संशयास्पद म्हणून नंतर वगळलेले असते आणि सारांशात मात्र पाचच राहतात. एखादे वाचन वगळले असेल तर सरासरी, विखुरणी आणि त्यातून येणारी अनिश्चितता तिन्ही पुन्हा काढावी लागतात; नुसता शब्द बदलून भागत नाही.